पगारातून कापलेले १,६८० रुपये कुठे जातात: मामेबहिणीस पत्र

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू दोन प्रश्न विचारलेस आणि मी घाईत असल्यामुळे दोन्हींची उत्तरे अर्धवट राहिली. पहिला प्रश्न असा की, १७,५०० रुपये पगार ठरला असताना हातात १५,६८८ रुपयेच का आले. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा होता. पीएफमध्ये तुझ्याइतकीच रक्कम कंपनीही भरते असे तुला सांगितले होते. मग पासबुकात तुझे १,६८० आणि कंपनीचे मात्र ५१४ रुपयेच का दिसतात? शेजारच्या मशीनवरच्या मुलीने 'कंपनी मधले पैसे खाते' असे सांगितले आणि तू घाबरलीस. कंपनीने काहीही खाल्लेले नाही, हे आधीच सांगून टाकते. ते कसे, हे नीट समजावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबणार आहे, तेव्हा मध्ये मथळे घालते, म्हणजे पुढे गरज पडेल तेव्हा नेमका भाग शोधता येईल.

१,६८० हा आकडा कसा निघतो

पीएफ म्हणजे भविष्य निर्वाह निधी. १९५२ सालच्या कायद्याने ही योजना सुरू झाली आणि कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना, म्हणजे ज्याला आपण पीएफ ऑफिस म्हणतो ते, ती चालवते. वीस किंवा त्याहून जास्त माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना ती लागू होते. दर महिन्याला पगारातला एक भाग कापून तुझ्या नावाच्या खात्यात टाकायचा, कंपनीनेही स्वतःचा वाटा भरायचा, आणि त्यावर सरकारने दर वर्षी जाहीर केलेले व्याज मिळत राहायचे, एवढीच तिची मूळ रचना आहे.

ही कपात संपूर्ण पगारावर होत नाही. ती मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेवर होते. तुझ्या पगाराच्या स्लिपवर मूळ पगार १४,००० आणि घरभाडे भत्ता ३,५०० असे दोन आकडे आहेत. घरभाडे भत्ता पीएफसाठी धरत नाहीत, म्हणून १४,००० चे १२ टक्के, म्हणजे १,६८० रुपये कापले गेले. स्लिपवर आणखी १३२ रुपयांची कपात दिसते ती ईएसआयची, म्हणजे दवाखान्याच्या सोयीची. तिचा पीएफशी संबंध नाही. १७,५०० मधून १,६८० आणि १३२ वजा केले की १५,६८८ उरतात. तुझा हिशेब इथे जुळला.

स्लिप पाहताना मूळ पगाराचा आकडा मुद्दाम पाहत जा, कारण काही ठिकाणी तो जाणूनबुजून लहान ठेवतात आणि उरलेला पगार वेगवेगळ्या भत्त्यांच्या नावाने देतात, जेणेकरून कंपनीला पीएफ कमी भरावा लागेल. सर्वांना सरसकट आणि नियमितपणे दिला जाणारा भत्ता पीएफसाठी मूळ पगारातच धरला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. तुझ्या स्लिपमध्ये तशी काही खोट मला दिसली नाही.

'मला पीएफ नको, पैसे हातातच द्या' असे सांगता येईल का, हेही तू विचारले होतेस. तुला ते सांगता येणार नाही. नोकरीला लागताना ज्याचा पीएफसाठी धरायचा पगार १५,००० रुपयांपेक्षा जास्त आहे आणि जो आधी कधीही सदस्य नव्हता, त्यालाच बाहेर राहण्याची मुभा असते. तुझा पगार त्या मर्यादेच्या आत आहे, म्हणून सदस्यत्व सक्तीचे आहे. मला विचारशील तर, मुभा असती तरी मी तुला नको म्हणायला सांगितले असते. कारण तू नाही म्हटलेस की कंपनीचा वाटाही बंद होतो.

पासबुकातले तीन रकाने

आता त्या ५१४ रुपयांकडे वळू. पासबुक उघडलेस की रकमेचे तीन रकाने दिसतात: Employee Share, Employer Share आणि Pension Contribution. पहिला तुझा वाटा, दुसरा कंपनीचा वाटा आणि तिसरा पेन्शनचा. तुझ्या जून महिन्याच्या ओळीत या तीन रकान्यांत १,६८०, ५१४ आणि १,१६६ असे आकडे आहेत. शेवटच्या दोहोंची बेरीज करून पाहा: ती १,६८० येते. म्हणजे कंपनीने तुझ्याइतकेच पैसे भरले आहेत, फक्त ते दोन ठिकाणी गेले आहेत. कंपनीच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ३.६७ टक्के तुझ्या पीएफ खात्यात येतात.

तिसऱ्या रकान्यातले पैसे पहिल्या दोन रकान्यांसारखे नाहीत, आणि ही गोष्ट नोकरीत दहा वर्षे काढलेल्या अनेकांनाही ठाऊक नसते. पहिल्या दोन रकान्यांतली रक्कम तुझी स्वतःची आहे. तिच्यावर व्याज मिळते आणि ती तुझ्या नावाने वाढत जाते. तिसऱ्या रकान्यातली रक्कम १९९५ सालच्या पेन्शन योजनेच्या सामाईक निधीत जमा होते. तिच्यावर तुझ्या नावाने व्याज लागत नाही. तिथे तुझी रक्कम किती साठली याला महत्त्व नसते. तू किती वर्षे सदस्य होतीस आणि शेवटी तुझा पगार किती होता, यावर पेन्शन ठरते. म्हणून तिसऱ्या रकान्याकडे पैशांची पेटी म्हणून न पाहता वर्षांची मोजणी म्हणून पाहावे.

त्या मोजणीतला सर्वांत मोठा टप्पा दहा वर्षांचा. दहा वर्षांची सेवा भरली की अठ्ठावन्नाव्या वर्षानंतर आयुष्यभर मासिक पेन्शन मिळण्याचा हक्क तयार होतो. पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०, असे सूत्र आहे. पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात. त्यामुळे दहा वर्षांच्या सेवेवर महिन्याला सुमारे २,१४३ रुपये आणि पस्तीस वर्षे धरली गेली तर ७,५०० रुपये बसतात. ही रक्कम मोठी नाही, हे मी लपवत नाही. एवढ्यावर म्हातारपण निघणार नाही. पण ती मरेपर्यंत दर महिन्याला येत राहते आणि दहा वर्षांचा उंबरठा ओलांडला नाही, तर ती मुळीच येत नाही. नोकरी बदलण्याविषयी पुढे जे लिहिले आहे, त्याचे मूळ या गोष्टीत आहे.

आता पहिल्या दोन रकान्यांचे पाहू. तुझ्या खात्यात दर महिन्याला १,६८० अधिक ५१४, म्हणजे २,१९४ रुपये जमा होतात. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी व्याजाचा दर ८.२५ टक्के होता. तोच दर कायम राहिला आणि पगार अजिबात वाढला नाही असे धरले, तरी बारा महिन्यांत २६,३२८ रुपये भरले जातील आणि त्यावर सुमारे ९९५ रुपये व्याज येईल. पहिल्या वर्षीचे व्याज थोडे वाटते, कारण प्रत्येक महिन्याची रक्कम जमा झाल्यानंतरच्या महिन्यांपुरतेच ते मिळते. पाच वर्षांनी हीच रक्कम साधारण १,६१,००० होईल. त्यांतले तुझ्या पगारातून कापलेले १,००,८०० असतील. उरलेले साठ हजार कंपनीचा वाटा आणि व्याज यांचे. हातात आले असते तर ते १,६८० रुपये दर महिन्याला कशात गेले असते, याचा विचार तूच कर.

पुढे पगार वाढून १५,००० च्या वर गेला तर रकान्यांतले आकडे बदलतील, तेव्हा गोंधळू नकोस. पेन्शनचा भाग १५,००० च्या ८.३३ टक्क्यांवर, म्हणजे १,२५० रुपयांवर थांबतो. समजा मूळ पगार १८,००० झाला आणि कंपनी पूर्ण पगारावर पीएफ भरत असेल, तर तुझे २,१६० कापले जातील आणि कंपनीच्या २,१६० पैकी १,२५० पेन्शनला जाऊन ९१० तुझ्या खात्यात येतील. काही कंपन्या कपात १५,००० पुरतीच ठेवतात. तेव्हा दोघांचाही वाटा १,८०० रुपयांवर स्थिर राहतो. दोन्ही रीती चालतात. आपली कंपनी कोणती रीत पाळते हे विचारून ठेवावे, म्हणजे पगार वाढला तरी पीएफ का वाढला नाही, असा प्रश्न पडत नाही.

पहिल्या महिन्यात उरकायची कामे

उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवून तू जो बारा अंकी क्रमांक काढलास, तो तुझा यूएएन. तो आयुष्यभर एकच राहतो. नोकरी बदलली की नव्या कंपनीत त्याच क्रमांकाखाली नवे सदस्य खाते उघडते. क्रमांक बदलत नाही. पुढे कोणत्याही कंपनीत रुजू होताना 'आधीचा यूएएन आहे का' असे विचारले जाईल, तेव्हा हाच क्रमांक द्यायचा. तो हाताशी नाही म्हणून दुसरा काढण्याची चूक करू नकोस. एकाच माणसाचे दोन क्रमांक झाले की सेवेची वर्षे दोन ठिकाणी विभागली जातात आणि ती एकत्र आणताना फार वेळ जातो.

त्यानंतरचे काम नावाचे. आपल्याकडे ते हमखास अडते. आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असते. आधारवर स्वतःचे नाव आधी येते. पॅन कार्डावर कधी वडिलांचे नाव गाळलेले असते आणि बँकेत नुसते आद्याक्षर घातलेले असते. माणसाला ही सगळी नावे एकाच व्यक्तीची वाटतात, पण पीएफच्या संगणकाला तसे वाटत नाही. आधार, पॅन आणि बँक खाते यांवरचे नाव पीएफमधल्या नावाशी जुळले नाही, तर ती कागदपत्रे खात्याला जोडली जात नाहीत, आणि ती जोडलेली नसतील तर पुढे पैसे काढण्याचा किंवा हलवण्याचा अर्ज परत येतो. म्हणून पोर्टलवर लॉग-इन करून स्वतःचे नाव, जन्मतारीख, वडिलांचे नाव आणि रुजू झाल्याची तारीख हे चार तपशील अक्षरन् अक्षर तपास. चूक आढळली तर आत्ताच दुरुस्त करून घे, कारण आता कंपनीतली माणसे तुझ्या रोजच्या समोर आहेत. नोकरी सोडून तीन वर्षे झाल्यावर त्याच माणसांना फोन करून दुरुस्ती मागणे किती कठीण असते, ते मी माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत पाहिले आहे.

तिसरे काम नामनिर्देशनाचे, म्हणजे नॉमिनी लावण्याचे. पोर्टलवर Manage या भागात E-Nomination असा पर्याय आहे. आधी स्वतःचा फोटो चढवावा लागतो, मग ज्यांना नेमायचे त्यांचे आधार क्रमांक, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो. मामा आणि मामी दोघांना नेमायचे असेल तर कोणाला किती टक्के, हे लिहून बेरीज शंभर करावी लागते. सर्वांत शेवटी आधारच्या ओटीपीने ई-सही करायची असते. इथे बरेच जण चुकतात: माहिती भरून जतन करतात आणि काम झाले असे समजून बाहेर पडतात. ई-सही झाल्याशिवाय ते नामनिर्देशन धरले जात नाही.

हे काम पुढे ढकलू नकोस, असे मी कळकळीने सांगते. पीएफच्या सदस्याला विम्याचे संरक्षणही असते, आणि त्यासाठी तुझ्या पगारातून एक रुपयाही जात नाही. त्याची वर्गणी कंपनी भरते. सदस्याचा नोकरीत असताना मृत्यू झाला तर कुटुंबाला पीएफच्या रकमेशिवाय नियमानुसार सात लाख रुपयांपर्यंत विम्याची रक्कम मिळू शकते. नामनिर्देशन नसले तर तेच पैसे मिळवण्यासाठी घरच्यांना वारसाचे दाखले गोळा करत फिरावे लागते. माझे लग्न झाले तेव्हा आधीचे नामनिर्देशन बाबांच्या नावे होते आणि ते तसेच चालेल असे मी धरून चालले होते. लग्नानंतर ते नव्याने करावे लागते, हे मला आठ महिन्यांनी कळले. पुढे तुझे लग्न ठरेल तेव्हा हे लक्षात ठेव. आडनाव बदलायचे ठरवलेस तर आधी आधारवर बदल आणि त्यानंतर पॅन, बँक आणि पीएफमध्ये. हा क्रम उलटा केला की एकाही ठिकाणचे नाव दुसऱ्याशी जुळत नाही.

दर महिन्याला पाच मिनिटे

कंपनीने एका महिन्याची कपात पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. म्हणजे जूनच्या पगारातून कापलेली रक्कम १५ जुलैपर्यंत जमा व्हायला हवी. म्हणून दर महिन्याच्या वीस-बावीस तारखेला पासबुक उघडून नवी ओळ आली आहे का आणि तिच्यातला पहिला आकडा स्लिपवरच्या कपातीशी जुळतो का, एवढेच पाहायचे. पासबुक passbook.epfindia.gov.in वर किंवा उमंग अ‍ॅपमध्ये दिसते. नेट चालत नसेल तर नोंदवलेल्या मोबाइलवरून 7738299899 या क्रमांकावर पुढील संदेश पाठव. उत्तर मराठीत येते.

```
EPFOHO UAN MAR
```

व्याजाची नोंद मात्र दर महिन्याला दिसणार नाही. व्याजाची आकारणी महिन्यागणिक होते, पण ते खात्यात वर्ष संपल्यावर आणि दर जाहीर झाल्यानंतर एकदम टाकले जाते. त्याला काही महिने लागले तरी व्याज बुडत नाही.

आता माझी गोष्ट सांगते. माझ्या पहिल्या नोकरीत दर महिन्याला १,४४० रुपये कापले जात होते आणि मी पासबुक कधी उघडलेच नव्हते. दीड वर्षाने सहज उघडले, तर सलग तीन महिन्यांच्या ओळीच नव्हत्या. पगारातून कपात झाली होती, स्लिपवर ती छापलेली होती, पण पैसे भरले गेले नव्हते. हिशेब विभागात विचारले तर 'येतील' एवढेच उत्तर मिळाले. आणखी एक महिना वाट पाहिल्यावर मी त्या तीन स्लिपा आणि पासबुकाची प्रत जोडून epfigms.gov.in या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. तक्रारीला नोंदणी क्रमांक मिळतो आणि ती कोणत्या कार्यालयाकडे गेली ते दिसते. काही आठवड्यांनी तिन्ही ओळी आल्या. कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे न भरणे हा साधा उशीर नाही. कायद्याच्या दृष्टीने तो विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो, आणि थकलेल्या रकमेवर कंपनीला व्याज व दंड भरावा लागतो. पण हे सगळे तुझ्या बाजूने उभे राहण्यासाठी तुझ्याजवळ स्लिप असली पाहिजे. म्हणून दर महिन्याची स्लिप स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेव. कंपनीच्या अ‍ॅपवर ठेवलेली स्लिप नोकरी सुटली की उघडत नाही.

एखादा महिना मागेपुढे झाला तर लगेच तक्रार करू नकोस. आधी विचार, लेखी विचार, आणि दोन महिने सलग नोंद आली नाही तर पुढे जा. ऑनलाइन काम अडले तर पीएफ कार्यालयाकडून दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत 'निधी आपके निकट' नावाचे शिबिर भरते. तिथे समोरासमोर बोलता येते.

नोकरी बदलताना

सर्वांत मोठी चूक मी इथे केली. पहिली नोकरी बावीस महिन्यांनी सोडली तेव्हा खात्यात सुमारे ४४ हजार रुपये होते. नवी नोकरी लागायला अडीच महिने गेले. त्या काळात एका ओळखीच्याने सांगितले, 'अर्ज टाक, पैसे मिळतात', आणि मी पीएफ आणि पेन्शन अशा दोन्हींचे पैसे काढून टाकले. त्या वेळी मला ते फुकटात मिळाल्यासारखे वाटले. पुढे जे समजले ते असे: पेन्शनची रक्कम काढून घेतल्याबरोबर माझी बावीस महिन्यांची सेवा पुसली गेली. दहा वर्षांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली. आज माझ्या नोकरीला सहा वर्षे होत आली असली, तरी पेन्शनच्या पुस्तकात ती चार वर्षांच्या आसपासच आहेत.

दुसरा तोटा कराचा. सलग पाच वर्षांची सेवा होण्याआधी पीएफ काढला तर ती रक्कम करपात्र ठरते, आणि ती ५०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर पॅन जोडलेले असतानाही १० टक्के कर आधीच कापून घेतला जातो. आजारपण किंवा कंपनी बंद पडणे अशा कारणांना सवलत आहे. या पाच वर्षांत आधीच्या कंपनीतली सेवाही धरतात, पण तिथला पीएफ नव्या खात्यात हलवलेला असेल तरच.

म्हणून नोकरी बदललीस तर पैसे काढायचे नाहीत, हलवायचे. त्याची रीत अशी. नोकरी सोडल्यावर जुन्या कंपनीने तुझी सोडल्याची तारीख पोर्टलवर भरायची असते. ती भरली आहे का, हे View मधल्या Service History मध्ये दिसते. कंपनीने ती भरलीच नाही, तर शेवटची वर्गणी जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी Manage मधल्या Mark Exit या पर्यायाने तू स्वतः भरू शकतेस. तारीख भरताना राजीनाम्याच्या कागदावरचीच भर, कारण एकदा भरलेली तारीख बदलणे सोपे नसते. नव्या कंपनीत पहिली वर्गणी जमा झाली की Online Services मध्ये One Member – One EPF Account या नावाचा अर्ज आहे, तो आधारच्या ओटीपीने सादर करायचा. यूएएन एकच असेल आणि आधार जोडलेले असेल तर बऱ्याच वेळा रक्कम आपोआपही हलते. पण ती हलली असे गृहीत धरू नकोस. जुन्या खात्याचे पासबुक उघडून शिल्लक शून्य झाली का आणि नव्या खात्यात ती उतरली का, हे डोळ्यांनी पाहा.

रक्कम हलल्यावर एक गोष्ट पाहून पुष्कळ जण दचकतात. पहिल्या दोन रकान्यांतले पैसे नव्या पासबुकात येतात, पण पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसते. ते पैसे बुडालेले नसतात. आधी सांगितल्याप्रमाणे तो रकाना वर्षांच्या मोजणीचा आहे. हलवली जाते ती सेवा, आणि ती Service History मध्ये दोन्ही कंपन्यांच्या तारखांसह दिसली म्हणजे झाले.

मध्येच पैसे लागले तर

नोकरीत असतानाही आजारपण, शिक्षण, लग्न, घर अशा कारणांसाठी खात्यातून काही रक्कम काढता येते आणि ती परत भरावी लागत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने या कारणांच्या तेरा वेगवेगळ्या तरतुदी एकत्र करून तीन गटांत आणण्याचे आणि जमा वर्गणीपैकी २५ टक्के खात्यात कायम ठेवण्याचे ठरवले. नोकरी सुटल्यावर संपूर्ण पीएफ काढण्यासाठीची वाट दोन महिन्यांवरून बारा महिन्यांवर आणि पेन्शनच्या रकमेसाठी छत्तीस महिन्यांवर नेण्याचेही त्याच बैठकीत ठरले. पुष्कळांना ही वाढ जाचक वाटली. मला मात्र वाटते की, माझ्या वेळी असा नियम असता तर ते अडीच महिने मी कसेतरी काढले असते आणि माझी बावीस महिन्यांची सेवा वाचली असती.

अर्ज करायची वेळ आली तर स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात किंवा 'पीएफ काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटाकडे जाऊ नकोस. ते यूएएन, पासवर्ड आणि ओटीपी तिन्ही मागतात, स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडून ठेवतात आणि रकमेतला वाटा घेतात. पोर्टलवर अर्ज करायला काहीही शुल्क लागत नाही. पीएफ ऑफिसातून कोणीही फोन करून ओटीपी विचारत नाही. कोणी विचारला तर फोन ठेवून दे.

शनिवारी तुला सुट्टी आहे म्हणालीस. त्या दिवशी आधार आणि पॅन कार्ड समोर ठेवून पोर्टलवरचे चार तपशील तपास आणि मामा-मामींच्या आधारचे फोटो मागवून नामनिर्देशन ई-सहीपर्यंत पूर्ण कर. मामांच्या आधारवर आडनावाचे एक अक्षर चुकलेले आहे, ते रेशनकार्डाच्या वेळी अडले होते हे मला आठवते. ते आधी केंद्रावर जाऊन दुरुस्त करून घ्यायला सांग. कुठे अडलीस तर दुपारी दोननंतर फोन कर. मी घरीच आहे.

तुझी,
ताई